बेदाण्याचा सीझन, पाच हजारांची मर्यादा आणि एक मेल

सांगलीजवळच्या एका कोल्ड स्टोरेजच्या ऑफिसात मी हिशेब आणि कॉम्प्युटर दोन्ही बघते. आमच्याकडे मुख्य माल बेदाण्याचा. शेतकरी किंवा व्यापारी माल आणून ठेवतात, प्रत्येक आवकेचा एक लॉट पडतो आणि तो कधी थोडा थोडा, कधी एकदम बाहेर जातो. कोणाच्या लॉटमध्ये किती बॉक्स शिल्लक आहेत, याची शीट रोज सकाळी सातपर्यंत प्रत्येक अडत्याला व्हॉट्सॲपवर जाते, कारण सौद्याला निघण्याआधी त्यांना ती लागते.

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही लॉटची नोंद एका क्लाउड सॉफ्टवेअरवर नेली. त्यातून डेटा काढायला एपीआय आहे, म्हणजे आपल्या स्क्रिप्टने विनंती पाठवायची आणि सॉफ्टवेअरने डेटा परत द्यायचा. एक छोटी पायथन स्क्रिप्ट पहाटे चार वाजता ऑफिसच्या कॉम्प्युटरवर टास्क शेड्युलरने चालते, सगळे लॉट ओढते आणि शीट बनवते. पावसाळा, दिवाळी, थंडी, सगळं सुरळीत गेलं. फेब्रुवारीअखेर नवा माल यायला लागला आणि गाडी अडली. त्यातून सॉफ्टवेअरच्या कंपनीला मेल लिहिण्यापासून बल्क एक्सपोर्ट, म्हणजे सगळ्या लॉटची एकच फाइल, मिळेपर्यंत जे झालं ते इथं लिहिते. अशा मेलचा नमुना मी बराच शोधला होता, कामाचा मिळाला नाही.

१० मार्चला एका अडत्याचा फोन आला. "मॅडम, चार दिवसांमागं माल ठेवलाय आमच्या पार्टीनं, शीटमधी लॉटच नाही की." सॉफ्टवेअरमध्ये बघितलं तर लॉट होता. शीटमध्ये नव्हता. मग लक्षात आलं की शीटमधला शेवटचा लॉट बऱ्याच आधीचा आहे आणि त्याच्या पुढचं काहीच येत नाही. यादी लॉट क्रमांकाने चढत्या क्रमात येते, त्यामुळे जुना माल बरोबर आणि नवा गायब. ज्या मालाची सगळ्यात जास्त विचारणा होते, नेमका तोच. स्क्रिप्टच्या लॉगमध्ये शेवटी हे होतं:

```
04:21:13  GET /v1/lots/48213
429 Too Many Requests
Retry-After: 4127
X-RateLimit-Limit: 5000
X-RateLimit-Remaining: 0
```

४२९ म्हणजे तुमच्या वाट्याच्या विनंत्या संपल्या. आमच्या प्लॅनमध्ये मिनिटाला १२० आणि दिवसाला ५,००० अशा दोन मर्यादा आहेत. मिनिटाची मर्यादा स्क्रिप्ट स्वतःच सांभाळते, ही अडचण दिवसाच्या मर्यादेची होती. कुठली मर्यादा लागली हे Retry-After वरून कळतं. मिनिटाची असती तर तिथं साठच्या आतला आकडा दिसला असता. इथं ४,१२७ सेकंद आहेत, म्हणजे एक तास आठ मिनिटं सत्तेचाळीस सेकंद. ४:२१:१३ मध्ये ते मिळवले की बरोबर साडेपाच वाजतात. यांचा 'दिवस' यूटीसीच्या मध्यरात्री बदलतो आणि आपल्याकडे तेव्हा पहाटेचे साडेपाच झालेले असतात. म्हणजे चार वाजता चालणारी आमची स्क्रिप्ट आदल्या दिवसाच्या उरलेल्या वाट्यावर चालत होती.

पण ५,००० पैकी स्क्रिप्टने किती वापरले? चार वाजता सुरू, मिनिटाला १२०, एकवीस मिनिटांत बंद, म्हणजे जेमतेम अडीच हजार. बाकीचे अडीच हजार कोणी खाल्ले, हा प्रश्न मला दोन दिवस पुरला. शेवटी सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधलं वापराचं पान तासावार उघडलं, तेव्हा सकाळी आठ ते संध्याकाळी सातपर्यंत दर तासाला २०५ चा एक ठोकळा दिसला. अकाउंट्सच्या टेबलवर भाड्याच्या बाकीची एक एक्सेल फाइल दिवसभर उघडी असते आणि ती दर साठ मिनिटांनी आपोआप रिफ्रेश होते. खाती २०५, प्रत्येक खात्याला एक विनंती, दिवसातून बारा वेळा. झाले २,४६०. एक्सेल आणि स्क्रिप्ट दोन्ही एकाच एपीआय कीवर, म्हणजे सॉफ्टवेअरला ओळख पटवणाऱ्या एकाच गुप्त अक्षरमालेवर चालत होती, त्यामुळे वाटाही एकच. मर्यादा वाढवून मागायच्या आधी हे पान नक्की बघा. एका कीवर दोन कामं चालत असतील तर प्रत्येकाला वेगळी की घ्या. बऱ्याच ठिकाणी मर्यादा पूर्ण खात्याला असते, कीला नाही, त्यामुळे तिथं वाटा वाढत नाही, पण कोण किती खातं ते तरी दिसतं.

आता स्क्रिप्टचा स्वतःचा खर्च. यादीच्या एका पानात १०० लॉट येतात, पण त्यात फक्त लॉट क्रमांक आणि पार्टीचं नाव. शिल्लक बॉक्स बघायचे तर प्रत्येक लॉटचं वेगळं पान मागावं लागतं. मार्चच्या मध्याला आमच्याकडे ३,४०० लॉट होते, म्हणजे यादीची ३४ पानं अधिक ३,४०० विनंत्या, एकूण ३,४३४. थंडीत लॉट दोन हजारांच्या आसपास होते, म्हणून एक्सेलचा वापर धरूनही सगळं पाच हजारांत बसत होतं.

एक्सेलचं काम मी त्याच आठवड्यात बदललं. पहाटेची स्क्रिप्टच आता बाकीही एकदा काढते आणि एक्सेल ती ऑफिसमधल्या फाइलमधून वाचतं. २,४६० चे २०५ झाले. स्क्रिप्टची वेळ चारवरून पावणेसहाला आणली, म्हणजे नवा कोरा वाटा हाताशी. मिनिटाला १२० च्या गतीने अर्ध्या तासात काम संपतं आणि सातच्या आत शीट जाते. एवढ्याने मार्च निभावला असता. पण गेल्या वर्षीच्या वहीवरून मेअखेरचा अंदाज काढला तर लॉट ६,८०० च्या घरात जात होते. मग ६,८६८ विनंत्या, वर बाकीच्या २०५. मर्यादा पाच हजार. आपल्या बाजूने कितीही काटकसर केली तरी इथं बसणार नव्हतं.

मालकांना, म्हणजे अण्णांना, हा हिशेब कागदावर दाखवला. ते म्हणाले, "लिहा की कंपनीला. पण आधीच पैसं कबूल करू नका."

१५ मार्चला मेल लिहिला. पहिला मसुदा चार ओळींचा होता: आमची लिमिट संपते, कृपया वाढवून द्यावी. तो पाठवला नाही. वाचणाऱ्याला त्यातून एकच उत्तर देता आलं असतं, मोठा प्लॅन घ्या. त्याच्यासमोर हिशेब ठेवायचा आणि आपल्याला मर्यादा नको, सकाळची शीट हवी आहे हे सांगायचं, असं ठरवून पुन्हा लिहिला. विषयाच्या ओळीतच खाते क्रमांक, 'लॉटचा रोजचा रिफ्रेश' आणि 'दैनंदिन मर्यादेत वाढ किंवा बल्क एक्सपोर्ट' घातलं. आतला मजकूर साधारण असा होता:

"आम्ही रोज सकाळी एकदा सर्व चालू लॉटची शिल्लक एपीआयने घेतो. आज लॉट ३,४०० आहेत व त्यासाठी ३,४३४ विनंत्या लागतात. बेदाण्याच्या आवकेनुसार मेअखेर लॉट अंदाजे ६,८०० व विनंत्या ६,८६८ होतील. मर्यादा ५,००० आहे. १० मार्चच्या पहाटे ४:२१ वाजता आलेल्या ४२९ उत्तराचा मजकूर सोबत जोडला आहे.

आमच्या बाजूने केलेले बदल: दर तासाचा दुसरा रिफ्रेश बंद केला (दिवसाला सुमारे २,२५० विनंत्या कमी), कामाची वेळ मर्यादा नव्याने सुरू होण्यानंतरची ठेवली, गती मिनिटाला १२० च्या आत ठेवली.

पुढीलपैकी काहीही एक मिळाले तरी आमचे काम होईल. एक, दिवसातून एकदा सर्व चालू लॉटची एक फाइल. दोन, लॉटच्या यादीतच शिल्लक बॉक्सचा रकाना. तीन, इन्व्हॉइसच्या यादीत आहे तसा updated_since हा फिल्टर लॉटच्या यादीलाही. चार, १५ जूनपर्यंत दैनंदिन मर्यादा ८,०००.

आम्हाला लागणारे रकाने: लॉट क्रमांक, पार्टीचे नाव, अडत्या, आवक तारीख, शिल्लक बॉक्स, चेंबर. मोबाइल क्रमांक व बँकेचा तपशील नको. माहिती आदल्या रात्री नऊपर्यंतची असली तरी चालेल. यापैकी काय शक्य आहे, खर्च किती व केव्हापर्यंत, हे कळवावे."

शेवटच्या परिच्छेदाने सगळ्यात जास्त काम केलं, हे पुढं कळलं. तसंच updated_since म्हणजे 'या वेळेनंतर बदललेलंच द्या'. तो इन्व्हॉइसला आहे हे त्यांच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये सापडलं होतं, म्हणून मागता आला. मेलमध्ये पूर्ण की कधीही टाकू नका, शेवटची चार अक्षरं पुरतात. सपोर्टची तिकिटं बरीच माणसं बघतात.

मेल सपोर्टच्या पत्त्यावर पाठवला आणि सेल्सच्या माणसाला फक्त प्रत दिली. तरी दुसऱ्या दिवशी उत्तर आलं ते सेल्सकडूनच. वरचा प्लॅन घ्या, दिवसाला २५,००० विनंत्या मिळतील, महिन्याला ६,००० रुपये जास्त, अधिक १८ टक्के जीएसटी, करार बारा महिन्यांचा. म्हणजे महिन्याला ७,०८० आणि वर्षाला ८४,९६०. अण्णांनी आकडा बघितला आणि नुसते हसले. माल चार-पाच महिने वाढतो, मग उतरत जातो, आणि पैसे बारा महिन्यांचे.

१८ मार्चला मी त्याच तिकिटावर उत्तर दिलं. नवा मेल काढला नाही, कारण नवीन मेल पडला की तिकीट नवीन होतं आणि आधीचा हिशेब मागं राहतो. प्लॅनची माहिती दिल्याबद्दल आभार मानले आणि एवढंच विचारलं की पहिला पर्याय, रोजची एक फाइल, तांत्रिक टीमकडे विचारून सांगता येईल का. नंतर शांतता. या काळात लॉट रोज वाढत होते आणि विनंत्या साडेचार हजारांकडे सरकत होत्या. २४ तारखेला आठवण केली, तीही दोनच ओळींची: तिकीट क्रमांक, आजचा विनंत्यांचा आकडा आणि या गतीने साधारण कोणत्या तारखेला पाच हजार ओलांडतील ते. तक्रारीचा सूर ठेवला नाही. तारीख दिल्यावर समोरच्याला काम कधीपर्यंत करायचं ते कळतं.

२६ मार्चला त्यांच्या तांत्रिक टीममधल्या एका मुलीचा फोन आला आणि त्या पंधरा मिनिटांत सगळं सुटलं. तिचा पहिलाच प्रश्न, "रात्री नऊपर्यंतचा डेटा खरंच चालेल?" मी सांगितलं, आमच्याकडे गाड्या भरणं संध्याकाळीच आटोपतं, रात्री चेंबर उघडत नाही, त्यामुळे रात्री नऊची आणि पहाटे पाचची शिल्लक एकच. ती म्हणाली, मग सोपं आहे. लॉटचं एकेक पान उघडताना त्यांच्या डेटाबेसमध्ये आवक, जावक, भाडं अशी तीन-चार टेबलं दर वेळी जोडली जातात. आमच्या साडेतीन हजार विनंत्या म्हणजे तेवढ्या वेळा ते काम, तेही सकाळी सगळे ग्राहक जागे होत असताना. तेच रात्री तीन वाजता एका क्वेरीत काढलं तर त्यांनाही हलकं जातं. मर्यादा वाढवायला त्यांच्याकडे वरची मंजुरी लागते, एक्सपोर्टची सोय मात्र मोठ्या ग्राहकांसाठी आधीच होती, फक्त आमच्या प्लॅनला जोडलेली नव्हती.

तिने आमच्या ऑफिसचा स्टॅटिक आयपी विचारला. आमच्याकडे साधं ब्रॉडबँड, आयपी बदलत राहतो. मग सर्व्हरवर थेट प्रवेशाऐवजी मुदतीची डाउनलोड लिंक द्यायची ठरली.

दुसऱ्या दिवशी लेखी आलं: दैनंदिन मर्यादा ३० एप्रिलपर्यंत ८,०००, विनाशुल्क. एक्सपोर्ट चालू करण्याचे एकदाच ४,५०० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे ५,३१०, रोज एक फाइल, महिन्याचा वेगळा आकार नाही. अण्णांनी लगेच होकार दिला. तात्पुरती वाढ मिळाली तर तिची शेवटची तारीख लेखी घ्या आणि आठवडाभर आधीची आठवण फोनमध्ये लावा. ती तारीख उलटली की मर्यादा गुपचूप पूर्वीवर येते, आधी कोणी कळवत नाही.

९ एप्रिलला चाचणीसाठी एक्सपोर्ट चालू झाला. पद्धत अशी: एक विनंती पाठवून फाइल मागायची, त्यावर 202 असं उत्तर येतं, म्हणजे मागणी घेतली पण काम अजून व्हायचं आहे. सोबत कामाचा क्रमांक मिळतो. दर तीस सेकंदांनी स्थिती विचारायची, दोन-तीन मिनिटांत completed येतं आणि त्यात डाउनलोडची लिंक व ओळींची संख्या असते. सगळं मिळून दहाच्या आत विनंत्या. फाइल दीड-दोन एमबीची.

इथं दोन गोष्टींनी चांगलाच वेळ घेतला. पहिली, संपलेले लॉट. आधी प्रत्येक लॉट नावानिशी मागत होतो, त्यामुळे माल पूर्ण उचलला गेला की शिल्लक शून्य दिसायची. एक्सपोर्टमध्ये फक्त चालू लॉट येतात. माल संपला की लॉट फाइलमधून नाहीसाच होतो. जुनी स्क्रिप्ट आलेल्या ओळींनी आपली यादी अद्ययावत करायची आणि न आलेल्यांना हात लावायची नाही. परिणामी कालच उचललेले बारा बॉक्स शीटमध्ये तसेच बसलेले. चाचणीत जुनी आणि नवी शीट शेजारी ठेवून बॉक्सची एकूण बेरीज केली तेव्हा फरक दिसला. नुसती लॉटची संख्या पाहून तो पकडता आला नसता, कारण त्याच दिवशी जवळपास तितकेच नवे लॉट आले होते. आता रोजची फाइल आधी वेगळ्या जागी भरते, तपासते आणि मग जुनी यादी अख्खी बाजूला काढून नवी बसवते.

दुसरी, लिंकची मुदत. ती एक तासच चालते. एका पहाटे ऑफिसची लाइट गेली, कॉम्प्युटर उशिरा सुरू झाला आणि स्क्रिप्टने आधी मिळालेली जुनी लिंक उघडली. सर्व्हरने 403 सोबत 'मुदत संपली' असा चार ओळींचा मजकूर दिला आणि तोच lots.csv या नावाने सेव्ह झाला. फाइल आहे, नाव बरोबर आहे, आत लॉट एकही नाही. हे चाचणीतच घडलं, म्हणून शीट कोणाकडे गेली नाही. त्यानंतर हे टाकलं:

```python
r = requests.get(link, timeout=120)
r.raise_for_status()
text = r.content.decode("utf-8-sig")
rows = list(csv.DictReader(io.StringIO(text)))
if len(rows) != status["row_count"]:
    raise SystemExit("ओळी जुळत नाहीत, कालचीच यादी ठेवा")
```

दुसरी ओळ 403 सारखं उत्तर आलं की तिथंच थांबवते, आणि शेवटची तपासणी अर्धवट उतरलेली फाइल पकडते. स्क्रिप्ट अशी थांबली की मला मेल येतो आणि त्या दिवशी शीटच्या माथ्यावर कालची तारीख राहते. अडत्यांना तारीख बघायची सवय आहे, चुकीच्या आकड्यापेक्षा कालचा आकडा त्यांना चालतो. utf-8-sig मराठी नावांसाठी आहे. शीट सीएसव्हीत सेव्ह करतानाही हेच एन्कोडिंग लावते, नाहीतर फाइलवर डबल क्लिक केलं की एक्सेलमध्ये 'शिवाजी' च्या जागी à¤¶à¤¿ असली अक्षरं दिसतात. डेटा बिघडलेला नसतो, एक्सेल तो चुकीच्या पद्धतीने वाचत असतं.

२१ एप्रिलपासून शीट एक्सपोर्टवरून जाते. रात्री तीनला फाइल मागितली जाते, सव्वातीनला शीट तयार असते, व्हॉट्सॲपवर पाठवायचं काम तेवढं सकाळी मी आल्यावर. ३० तारखेला मर्यादा पुन्हा ५,००० झाली आणि आम्हाला फरक पडला नाही. मेच्या तिसऱ्या आठवड्यात लॉट ६,५०० च्या वर गेले होते, विनंत्या दिवसाला सव्वादोनशेच्या आत.

एक काम अजून बाकी आहे. काही अडत्यांना दुपारी बाराचीही शिल्लक हवी असते आणि एक्सपोर्ट दिवसातून एकच. त्यासाठी लॉटच्या यादीला updated_since लागेल, म्हणजे सकाळपासून हललेले पन्नास-साठ लॉटच मागता येतील. त्या तिकिटावर जूनमध्ये 'विचाराधीन' असा शिक्का बसला आहे. तोपर्यंत दुपारी कोणाचा फोन आला की मी त्याचा लॉट सॉफ्टवेअरमध्ये उघडून तोंडी आकडा सांगते.